पासपोर्टची एनओसी: आस्थापनेच्या टेबलावरून

घाटकोपर पूर्वेला, स्टेशनपासून चालत पोचता येईल अशा एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. रजेचे अर्ज, वेतनवाढीच्या नोंदी, भविष्यनिर्वाह निधीतले अग्रिम, पेन्शनची प्रकरणं, असं सगळं आमच्या टेबलावरून जायचं. लोक अर्ज बारनिशीत द्यायचे, पोच घ्यायचे आणि कामाला लागायचे. पासपोर्टसाठी ना हरकत प्रमाणपत्र मागणारा माणूस मात्र बारनिशीकडे न जाता आधी माझ्या टेबलाशी यायचा, खुर्ची ओढून बसायचा आणि आवाज खाली आणून विचारायचा, "मॅडम, साहेब एनओसी देतील ना?"

या प्रश्नातच सगळ्या गोंधळाचं मूळ होतं. विचारणाऱ्याला वाटायचं की आपण साहेबांकडे परदेशी जायची परवानगी मागतोय, आणि पुष्कळदा साहेबांनाही तसंच वाटायचं. त्यामुळे दोन्हीकडून एका साध्या कागदावर नको इतकं ओझं पडायचं. कशाला हवा पासपोर्ट, कुठे जाणार, कधी जाणार, पैसे कुठून आणले, असे प्रश्न सुरू व्हायचे. यातला एकही प्रश्न पासपोर्टच्या एनओसीत विचारलेला नाही. पासपोर्ट दहा वर्षांसाठी मिळतो आणि तो काढून कपाटात ठेवला तरी कोणाचं काही अडत नाही. परदेशी जायचं ठरेल तेव्हा रजा आणि परदेशप्रवासाची परवानगी यासाठी कर्मचाऱ्याला वेगळा अर्ज करावाच लागतो. तिथे हे सगळे प्रश्न रास्त आहेत.

पासपोर्ट हा सरकारच्या मर्जीचा विषय राहिलेला नाही, ही गोष्ट नव्या लिपिकांना मी नेहमी सांगायचे. 1967 पर्यंत या देशात पासपोर्ट देण्या-नाकारण्याचा कायदाच नव्हता. सरकारला वाटलं तर द्यायचा, नाहीतर नाही. सतवंतसिंग साहनी नावाच्या व्यावसायिकाला पासपोर्ट परत करायला सांगितलं गेलं, तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि एप्रिल 1967 मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याशिवाय तो हिरावता येणार नाही. त्यानंतर सरकारने घाईने अध्यादेश काढला आणि जूनमध्ये पासपोर्ट अधिनियम 1967 आला. पुढे मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न सांगता जप्त झाला तेव्हा जानेवारी 1978 च्या निकालात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली पद्धतही न्याय्य हवी. आमच्या टेबलावरची एनओसी ही त्या कायद्याच्या अगदी शेवटच्या पायरीवरची गोष्ट आहे. पासपोर्ट द्यायचा की नाही हे पासपोर्ट अधिकारी ठरवतो. कार्यालयाने आपल्याला जे ठाऊक आहे तेवढं त्याला सांगायचं असतं.

खासगी कंपनीत काम करणाऱ्याला पासपोर्टसाठी मालकाची एनओसी लागत नाही. विक्रोळी-घाटकोपरच्या कंपन्यांतली मुलं कधीकधी ओळखीतून माझ्याकडे यायची आणि एचआर पत्र देत नाही म्हणून हवालदिल व्हायची. त्यांना मी एवढंच सांगायचे की बाबा, अर्जात नोकरीचा प्रकार 'खासगी' असा निवड आणि पुढे जा. परदेशी वकिलातीला व्हिसासाठी कंपनीचं रजेचं पत्र लागतं, ती गोष्ट निराळी. एनओसीचा प्रश्न येतो तो केंद्र किंवा राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम आणि वैधानिक संस्था यांच्या कर्मचाऱ्यांना.

या कर्मचाऱ्यांसाठीही तीन वाटा आहेत, आणि मला आढळलं की बहुतेकांना त्यातली एकच माहीत असते. पहिली वाट ओळख प्रमाणपत्राची, म्हणजे परिशिष्ट 'ए'. दुसरी ना हरकत प्रमाणपत्राची, परिशिष्ट 'जी'. तिसरी पूर्वसूचनेची, परिशिष्ट 'एच'. जुन्या माणसांना यांची 'बी', 'एम' आणि 'एन' ही आधीची अक्षरं आठवत असतील. परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर 2016 मध्ये परिशिष्टांची संख्या पंधरावरून नऊवर आणली तेव्हा ही अक्षरं बदलली. कार्यालयांत मात्र जुने नमुने वर्षानुवर्षं संगणकात पडून राहिले आणि जुन्या नमुन्यावर दिलेलं पत्र घेऊन गेलेला माणूस खिडकीवरून परत आला, असं मी पाहिलं आहे. म्हणून अर्ज करताना passportindia.gov.in वरून त्या दिवशीचा नमुना उतरवून घ्यावा आणि तोच कार्यालयाला द्यावा.

पहिल्या दोन कागदांवर कार्यालयाच्या अधिकाऱ्याची सही लागते. तिसऱ्यावर फक्त कर्मचाऱ्याची स्वतःची. त्या पत्रात मजकूर दोन ओळींचा: मी साध्या पासपोर्टसाठी अमुक पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करत आहे, हे आपल्या माहितीसाठी व नोंदीसाठी कळवत आहे. खाली नाव, जन्मतारीख, हुद्दा, कार्यालयाचा पत्ता, घरचा पत्ता आणि सही. कार्यालयाने होकार द्यावा अशी त्यात अपेक्षाच नाही. डिसेंबर 2016 च्या घोषणेत मंत्रालयाने स्पष्ट केलं की ज्या सरकारी कर्मचाऱ्याला ओळख प्रमाणपत्र किंवा एनओसी वेळेत मिळत नाही, त्याने कार्यालयाला पूर्वसूचना दिल्याचं स्वयंघोषणापत्र दिलं तरी चालेल.

मग लोक एनओसीच्या मागे का लागतात? कारण पोलीस पडताळणीत फरक पडतो. कार्यालयाने कर्मचाऱ्याची जितकी हमी घेतली, तितकी पडताळणी हलकी होते, असा त्यामागचा हिशेब आहे. ओळख प्रमाणपत्र असेल तर पडताळणीची गरज साधारणपणे लागत नाही. एनओसी असेल तर पासपोर्ट आधी मिळतो आणि पोलीस नंतर येतात. नुसती पूर्वसूचना असेल तर आधी पोलीस, मग पासपोर्ट. कोणाची पडताळणी कधी करायची हा शेवटचा निर्णय पासपोर्ट अधिकाऱ्याचाच. पण व्यवहारात पूर्वसूचनेची वाट एनओसीपेक्षा पोलीस पडताळणीपुरती लांब पडते आणि एनओसीच्या वाटेवर कार्यालयातली फाइल फिरायला लागणारा वेळ असतो. माझ्या टेबलावरचा अनुभव असा, की साध्या घरच्या पत्त्यावरची पोलीस पडताळणी पुष्कळ वेळा आमच्या फाइलपेक्षा लवकर उरकायची.

फाइल का अडते हे समजायला परिशिष्ट 'जी' चा नमुना एकदा नीट वाचावा लागतो. वरचा भाग सोपा आहे. अमुक व्यक्ती भारतीय नागरिक असून या कार्यालयात अमुक तारखेपासून कायम किंवा तात्पुरती कर्मचारी आहे, सध्या अमुक पदावर आहे, ओळखपत्राचा क्रमांक अमुक. हे सगळं सेवापुस्तकातून उतरवता येतं. मग येतं ते वाक्य, ज्यावर मी एकाहून एक अनुभवी अधिकाऱ्यांचं पेन थांबलेलं पाहिलं. पासपोर्ट अधिनियमाच्या कलम 6(2) मधल्या तरतुदी मी वाचल्या आहेत आणि या अर्जदाराला त्या लागू होत नाहीत असं मी प्रमाणित करतो, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. खाली अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन क्रमांक आणि शिक्का.

कलम 6(2) मध्ये पासपोर्ट नाकारण्याची कारणं दिली आहेत. अर्जदार भारताचा नागरिक नसणं, परदेशात जाऊन देशाच्या सार्वभौमत्वाला किंवा सुरक्षिततेला बाधा आणण्याची शक्यता, गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा, भारतातल्या फौजदारी न्यायालयात प्रलंबित खटला, अटकेचं वॉरंट किंवा हजर राहण्याचा समन्स, आणि अशीच आणखी काही. आता शिपायाच्या किंवा लिपिकाच्या नावावर एखाद्या लांबच्या कोर्टात समन्स निघालेला आहे की नाही, हे घाटकोपरच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याला कसं कळणार? त्याच्या मनात येतं, उद्या काही निघालं तर सही माझी. म्हणून तो फाइल मुख्यालयाच्या चौकशी शाखेकडे पाठवतो. चौकशी शाखा 'अहवाल निरंक' कळवायला वेळ घेते. एखादा अधिकारी त्याहून पुढे जाऊन पोलिसांचा दाखला आणायला सांगतो. पोलीस म्हणतात, पासपोर्ट कार्यालयाकडून विचारणा आल्याशिवाय आम्ही कशाच्या आधारे दाखला देणार? आणि फाइल तिथेच बसते.

अधिकाऱ्याची ही भीती खोटी म्हणून झटकता येत नाही. पण त्यावर उपाय आहे आणि तो आम्ही पुढे रोजच्या कामात बसवला. एनओसीच्या अर्जासोबत कर्मचाऱ्याकडून एक घोषणापत्र घ्यायचं, ज्यात कलम 6(2) ची कारणं मराठीत एकेक करून लिहिलेली असतील आणि प्रत्येकापुढे 'नाही' लिहून कर्मचारी सही करेल. आपल्याकडे सेवापुस्तक, निलंबनाची नोंदवही आणि विभागीय चौकशीची नोंदवही पाहायची. टिप्पणीत लिहायचं की कार्यालयातल्या अभिलेखानुसार आणि कर्मचाऱ्याच्या घोषणापत्रानुसार या तरतुदी लागू होत नाहीत. सही करणाऱ्याने जे पाहिलं ते नस्तीवर राहतं. न पाहिलेल्याची जबाबदारी घोषणापत्र देणाऱ्यावर येते. असं टिप्पणीत आलं की साहेबांचं पेन पुढे सरकायचं.

यात आणखी एक गल्लत होते ती विभागीय चौकशीची. उशिरा येण्याबद्दलची किंवा हिशेबातल्या चुकीबद्दलची खातेनिहाय चौकशी कलम 6(2) मध्ये कुठेही नाही. तिथे प्रलंबित खटला म्हटलंय तो फौजदारी न्यायालयातला. पण गंभीर चौकशीत असलेला माणूस देश सोडून जाईल ही शंका कार्यालयाला येऊ शकते, म्हणून दक्षता शाखेचा अभिप्राय घेण्याची पद्धत आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी कार्मिक विभागाने फेब्रुवारी 2020 मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा रोख असा की निलंबन, तपास यंत्रणेने दाखल केलेलं आरोपपत्र अशा ठरावीक परिस्थितीतच दक्षता मंजुरी अडवावी. कोणीतरी खासगी तक्रार केली आणि तिच्यावर नुसता एफआयआर नोंदला गेला, एवढ्यावर अडवू नये. राज्य आणि स्थानिक संस्थांची स्वतःची परिपत्रकं असतात, पण विचार करायची ही रीत कुठेही उपयोगी पडते.

हे सगळं एका प्रकरणात कसं एकत्र आलं ते सांगते. आमच्याकडे एक शिपाई मावशी होत्या. राहायला घाटकोपर पश्चिमेला भटवाडीत, डोंगराच्या बाजूला. नवऱ्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या नव्हत्या, स्वतःच्या हिमतीवर भरतीतून आलेल्या होत्या आणि लग्नाआधी लागल्या होत्या. मुलगी लग्न होऊन मस्कतला गेलेली. जानेवारीत तिने फोनवर सांगितलं, सप्टेंबरची तारीख आहे, आई तू ये. मावशी दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलाशी आल्या. "ताई, पोरीचं पहिलंच बाळंतपण आहे. मला पासपोर्ट काढून द्या."

मी त्यांना एनओसीचा अर्ज लिहून दिला आणि फाइल सुरू केली. सेवापुस्तक काढलं तेव्हा पहिली अडचण दिसली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर माहेरचं नाव होतं. आधार, बँक आणि रेशनकार्डावर सासरचं. पगारपत्रकात मधल्या काळात कोणीतरी दोन्ही नावं जोडून तिसरंच नाव तयार केलं होतं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव, वडिलांच्या नावाची जागा आणि आडनाव, तिन्ही बदलतं, त्यामुळे हे प्रकरण अपवादाचं मुळीच नव्हतं. पण एनओसी सेवापुस्तकावरून निघते आणि पासपोर्टचा अर्ज आधारवरून भरला जातो. दोन्हींत फरक राहिला तर पासपोर्ट सेवा केंद्रातला अधिकारी विचारतो, ही बाई आणि ती बाई एकच कशावरून? त्यामुळे एनओसीच्या आधी सेवापुस्तकात नावबदलाची नोंद करणं भाग होतं. मावशींकडे विवाहनोंदणीचा दाखला नव्हता, लग्न गावी झालेलं. तो काढण्यात फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये नोंद झाली, कार्यालय प्रमुखांची सही झाली.

तोवर चौकशी शाखेकडे पाठवलेलं पत्र परत आलं नव्हतं. एप्रिलमध्ये 'निरंक' आलं, आणि त्याच आठवड्यात साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी फाइल पाहून कलम 6(2) च्या वाक्यावर बोट ठेवलं आणि पोलिसांचा दाखला मागितला. तोच फेरा, जो मी वर सांगितला. मावशी रोज चहाचा ट्रे खाली ठेवताना माझ्याकडे बघायच्या, तोंडाने काही विचारायच्या नाहीत.

पूर्वसूचनेचा विचार मी त्या दिवशी पक्का केला. साहेबांना जाऊन सांगितलं की सर, आपल्याला सही करायला वेळ हवा असेल तर घ्या, पण कर्मचारी आज परिशिष्ट 'एच' प्रमाणे पूर्वसूचना देते आहे, त्यावर आपल्या मंजुरीची गरज नाही, बारनिशीत पोच द्यायची आहे. नमुना आणि मंत्रालयाची घोषणा दोन्ही छापून समोर ठेवलं. साहेब दोन मिनिटं वाचत होते. मग म्हणाले, "असं असेल तर द्या पोच, नोंद घेऊन फाइल माझ्याकडे ठेवा." त्यांच्या बाजूनेही ते ठीक होतं. कोणाचीही सही अडकली नव्हती आणि कर्मचाऱ्याने कार्यालयाला अंधारात ठेवलं नव्हतं.

पूर्वसूचना दोन प्रतींत लिहिली. नाव आधारप्रमाणे आणि कंसात सेवापुस्तकातलं आधीचं नाव. बारनिशीच्या गोल शिक्क्यात आवक क्रमांक आणि तारीख पडली, खाली लिपिकाची आद्याक्षरं. तो शिक्का ठळक उठला नव्हता म्हणून मी दुसऱ्यांदा मारायला लावला. पासपोर्ट अधिकाऱ्याला कार्यालयाशी बोलायचं झालं तर आवक क्रमांकावरूनच कागद सापडतो, म्हणून हा क्रमांक वाचता येणं गरजेचं होतं. एक प्रत मावशींकडे, एक त्यांच्या वैयक्तिक नस्तीत.

जन्मतारखेचा प्रश्नही तेव्हाच सुटला. मावशींकडे जन्मदाखला नव्हता आणि शाळा सोडल्याचा दाखला जुना, फाटलेला. पासपोर्टच्या 2016 च्या सुधारणेनुसार सरकारी कर्मचाऱ्यांना त्यांच्या सेवा अभिलेखाचा उतारा, प्रशासन पाहणाऱ्या अधिकाऱ्याने साक्षांकित केलेला, जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतो. निवृत्तांना पेन्शनचा आदेश चालतो. आमच्या कार्यालयात ही सोय कोणाला माहीतच नव्हती. एनओसीवर सही करायला घाबरणाऱ्या साहेबांनी सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाच्या प्रतीवर लगेच सही केली, कारण त्यात पुस्तकात लिहिलेलंच प्रमाणित करायचं होतं.

ऑनलाइन अर्ज भरताना त्यांच्या भाच्याने नोकरीच्या रकान्यात 'गृहिणी' निवडलं होतं. त्याच्या सोसायटीतल्या कोणीतरी सांगितलं होतं की असं केलं की एनओसीची कटकटच राहत नाही. मी त्याला तिथेच थांबवलं. पासपोर्ट अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे पासपोर्ट मिळवण्यासाठी खोटी माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती लपवणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय असा पासपोर्ट कलम 10 खाली जप्त होऊ शकतो. पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदाराने शेजाऱ्याला विचारलं, या बाई काय करतात, आणि शेजारी सहज म्हणाला सरकारी ऑफिसात आहेत, की तिथेच सगळं उघड होतं. नोकरी वाचवायला म्हणून लपवलेली गोष्ट नोकरीवरच उलटते, आणि वागणुकीची चौकशी वेगळी लागते. रकान्यात 'सरकारी' निवडलं आणि कार्यालयाचं नाव पूर्ण लिहिलं. छत्तीस पानी पासपोर्टची फी पंधराशे रुपये भरली आणि अंधेरीची वेळ घेतली.

मेट्रोमुळे घाटकोपरहून अंधेरी आता जवळच. 2014 च्या जूनमध्ये ती सुरू व्हायच्या आधी हाच प्रवास बसने साकीनाक्याच्या रहदारीतून करावा लागायचा. सेवा केंद्रात तीन टप्पे असतात. 'ए' खिडकीवर फोटो, बोटांचे ठसे आणि कागद स्कॅन होतात, तिथे कंपनीचे कर्मचारी असतात. 'बी' वर पासपोर्ट कार्यालयाचा अधिकारी कागद तपासतो. 'सी' वर पासपोर्ट मंजूर करायचा की नाही ते ठरतं. मावशींना 'बी' वर अपेक्षित प्रश्न आला: एनओसी कुठे आहे? त्यांनी पूर्वसूचनेची शिक्का असलेली प्रत पुढे केली. नावाबद्दल विचारलं तेव्हा विवाहनोंदणीचा दाखला दाखवला. बाहेर पडताना मिळालेल्या पावतीवर अर्ज मंजूर, पोलीस पडताळणीनंतर पासपोर्ट, असा शेरा होता.

पुढे भटवाडीत हवालदार आले, शेजारच्या दोघांच्या सह्या झाल्या, पोलीस ठाण्यात एकदा जाऊन यावं लागलं. जूनअखेर पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी आला. आमच्या फाइलवर नव्या साहेबांनी मागितलेला पोलीस दाखला तोपर्यंतही आलेला नव्हता. वेळेवर एनओसी मिळाली असती तरी ती जपून वापरावी लागली असती, कारण एनओसी दिल्यापासून सहा महिनेच चालते. पुष्कळ जण ती हौसेने काढून ठेवतात आणि अर्ज करेपर्यंत तिची मुदत संपलेली असते.

पासपोर्ट हातात आल्यावर मावशींना मी लगेच दुसरा अर्ज लिहायला बसवलं, आणि या पायरीवर फार लोक अडखळतात. एनओसी किंवा पूर्वसूचना देऊन काढलेला पासपोर्ट म्हणजे परदेशी जायची मोकळीक नव्हे. अर्जित रजा, परदेशप्रवासाची परवानगी, जाण्याचं कारण, राहण्याचा पत्ता, खर्च कोण करणार आणि परत कधी हजर होणार हे सगळं त्या अर्जात लिहावं लागतं. तिकीट त्या परवानगीनंतर काढावं. रजा संपली आणि माणूस तिकडून मुदतवाढ मागत बसला, तर ती अनधिकृत गैरहजेरी होते. त्याचे परिणाम पेन्शनपर्यंत जातात. मावशींनी तीन आठवडे वाढवून धरूनच रजा मागितली आणि साहेबांनी ती विनातक्रार मंजूर केली. जी एनओसी द्यायला ते घाबरले तिच्यापेक्षा ही परवानगी खरं तर मोठी होती. पण तिच्यात त्यांना माहीत असलेल्याच गोष्टींवर निर्णय घ्यायचा होता.

उच्च शिक्षणासाठी मागितलेल्या एनओसीचं गणित मात्र उलटं आहे, आणि या दोन एनओसी एका मापाने मोजू नयेत. बाहेरून एम.ए. करायचं आहे, संध्याकाळच्या वर्गाला कायद्याच्या पदवीसाठी जायचं आहे, पूर्णवेळ शिक्षणासाठी रजेवर जायचं आहे, असे अर्ज आले की कार्यालयाला खरोखर काही गमवावं लागतं. माणसाचा वेळ, त्याची रजा, त्याच्या जागी दुसरा नेमण्याची तजवीज. तिथे कार्यालयाने विचारावं की वर्गाची वेळ कोणती, परीक्षा कधी, अध्ययन रजा मिळाली तर परत येऊन नोकरी करण्याचं बंधपत्र देणार का. तिथे पूर्वसूचना देऊन भागत नाही, आगाऊ परवानगी लागते. ती न घेता मिळवलेल्या पदवीची सेवापुस्तकात नोंद होताना त्रास होतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं. पासपोर्टच्या अर्जात कार्यालयाचं असं काहीच जात नाही. तरीही शिक्षणाच्या एनओसीला साहेब पटकन सही करत आणि पासपोर्टच्या एनओसीला हात आखडता घेत.

आता या टेबलावर बसलेल्या माझ्या जागच्या सहकाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. पासपोर्टची एनओसी मागणारा आला की पहिल्याच दिवशी सेवापुस्तक काढा आणि आधारवरचं नाव ताडून पाहा. कलम 6(2) चं घोषणापत्र अर्जासोबतच घ्या आणि चौकशीच्या नोंदी पाहून टिप्पणी लिहा. देता येत नसेल तर कारण लेखी द्या. तोंडी 'बघू' हे उत्तर कर्मचाऱ्याच्या हातात काहीच ठेवत नाही. आणि पूर्वसूचनेची वाट त्याला स्वतःहून सांगा, त्याने विचारायची वाट पाहू नका.

कर्मचाऱ्यांना सांगणं याहून थोडं. पासपोर्ट आजच काढून ठेवा. एनओसी मिळाली तर उत्तम, अडली तर परिशिष्ट 'एच' ची पूर्वसूचना द्या, बारनिशीचा वाचता येईल असा शिक्का घ्या, आणि अर्जात आपली नोकरी खरी लिहा.